ऑडिशन आवडले, स्क्रीन टेस्टही झाली, तरी भूमिका दुसऱ्याला : निवड नेमकी कशावर ठरते?

अनिकेत_र

नमस्कार. मी काही वर्षे नाटकांत काम करतो आहे आणि आता चित्रपटांसाठी ऑडिशन देऊ लागलो आहे. अलीकडे एका चित्रपटातील धाकट्या भावाच्या भूमिकेसाठी मी घरून टेप पाठवली. ती पसंत पडल्यावर कास्टिंगच्या कार्यालयात बोलावणे आले, पुढे दिग्दर्शकासमोर तोच प्रवेश पुन्हा केला आणि शेवटी वेशभूषा, रंगभूषा आणि प्रकाशयोजनेसह रीतसर स्क्रीन टेस्ट झाली. प्रत्येक टप्प्यावर काम आवडल्याचे मला सांगण्यात आले, आणि नंतर कळले की भूमिका दुसऱ्या नटाला दिली आहे.

मला तक्रार करायची नाही, समजून घ्यायचे आहे. ऑडिशनमध्ये अभिनय पसंत पडला असेल, तर स्क्रीन टेस्टमध्ये आणखी काय तपासायचे उरते? आणि शेवटचा निर्णय कोण घेते, कास्टिंग डायरेक्टर की दिग्दर्शक? ज्यांनी ही प्रक्रिया आतून पाहिली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नाट्यवेडा

अनिकेत, तुम्ही नाटकातून आला आहात यातच उत्तर असावे असे मला वाटते. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्याची सवय लागलेला नट कॅमेऱ्यासमोर अवाजवी मोठा दिसतो. घरच्या टेपमध्ये किंवा कार्यालयातल्या साध्या कॅमेऱ्यावर ते खपून जाते, पण स्क्रीन टेस्टमध्ये चेहरा पडदाभर झाला की भुवईची हालचालसुद्धा जास्त वाटू लागते. माझ्या माहितीप्रमाणे स्क्रीन टेस्ट म्हणजे चेहरा पडद्यावर कसा दिसतो याची परीक्षा, बाकी काही नाही. पुढच्या वेळी आवाज, हालचाल आणि भाव सगळेच निम्म्यावर आणा.

रोखठोक

माझे मत कडू वाटेल, पण लिहितो. नाव आधीच ठरलेले असते. आम्ही खुल्या मनाने शोध घेतला, असे दाखवता यावे म्हणून ऑडिशन आणि टेस्ट घेतल्या जातात. तुमच्या आधी किंवा नंतर एखाद्या ओळखीच्या चेहऱ्याची टेस्ट झाली होती का, ते शोधून पाहा.

पडद्यामागची

मी बरीच वर्षे कास्टिंग सहायक म्हणून काम करते, त्यामुळे या धाग्यावर थोडे विस्ताराने लिहिते.

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. कास्टिंग डायरेक्टर निवड करत नाही, तो निवड करता येईल अशी परिस्थिती तयार करतो. शेकडो नटांमधून एका भूमिकेसाठी तीन-चार नावे दिग्दर्शकापुढे ठेवणे आणि प्रत्येक नावामागे 'हा नट घेतला तर चित्रपट कोणत्या दिशेला झुकेल' हे सांगता येणे, हे त्याचे काम. अंतिम शब्द बहुतेक वेळा दिग्दर्शकाचा असतो, आणि भूमिका मोठी असेल तर निर्मात्याचा किंवा पैसे लावणाऱ्यांचाही.

आता ऑडिशनविषयी. संहिता वाचल्यावर आम्ही पहिल्यांदा ठरवतो ते हे की या भूमिकेत सर्वांत अवघड काय आहे. ऑडिशनचा प्रवेश त्यावरून निवडला जातो. तो दीड-दोन पानांचा असतो आणि संवाद सुंदर आहेत म्हणून निवडलेला नसतो. त्यात पात्राचे मन एकदा तरी वळले पाहिजे, म्हणजे सुरुवातीला ते जे मिळवायला आलेले असते ते मिळणार नाही हे त्याच्या लक्षात आले पाहिजे. ते वळण नटाला संहितेत सापडले आहे का, हे पहिल्या टेकमध्ये कळते. अनेकांना ते सापडत नाही. ते पहिल्या ओळीपासूनच दुःखी किंवा रागावलेले असतात, त्यामुळे मधे काही घडण्यासाठी जागाच उरत नाही.

दुसरा टेक मुद्दाम वेगळ्या सूचनेवर घेतला जातो. समजा, पहिल्यांदा नटाने समोरच्यावर संताप काढला असेल, तर आम्ही म्हणतो, 'आता असे करा की हा माणूस उठून गेला तर तुम्ही एकटे पडाल.' पहिला टेक चुकला म्हणून हे सांगत नाही, उलट आवडलेल्या नटालाच बहुधा सांगतो. सूचना दिल्यावर फक्त आवाजाची पट्टी बदलली, की नजर, बसण्याची पद्धत आणि ओळींमधले थांबेही बदलले, ते आम्हाला पाहायचे असते. चित्रीकरणाच्या वेळी दिग्दर्शक रोज अशाच सूचना देणार असतो. घरी फार घोटून आणलेला नट इथे अडकतो, कारण त्याला प्रवेश माहीत नसतो, त्याची फक्त एक पद्धत माहीत असते.

नाट्यवेडा, तुमचे अर्धे म्हणणे पटते. मोठेपणा दिसतो हे खरे, पण सगळे निम्म्यावर आणण्याच्या सल्ल्याने मी अनेक चांगले नट विझलेले पाहिले आहेत. भावना कमी करायची नसते, अंतर कमी करायचे असते. समोरचा माणूस हातभर अंतरावर आहे असे मनापासून मानले की आवाज आपोआप त्या अंतराचा होतो आणि आतली तीव्रता शाबूत राहते.

रसिका_क

नाटकातल्या नटांविषयी एक उदाहरण द्यावेसे वाटते. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या १९८२ च्या 'गांधी' चित्रपटातील कस्तुरबांच्या भूमिकेसाठी रोहिणी हट्टंगडी यांची निवड स्क्रीन टेस्टनंतर झाली. त्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या आणि रंगभूमीवर घडलेल्या, बेन किंग्जलेही रॉयल शेक्सपिअर कंपनीत घडलेले. दोघांनाही तारुण्यापासून वार्धक्यापर्यंतचा प्रवास पडद्यावर दाखवायचा होता. पुढे त्या भूमिकेसाठी रोहिणीताईंना बाफ्टा पुरस्कारही मिळाला. रंगभूमी हाच अडथळा असता, तर हे दोघे टेस्टच्या पुढे गेले नसते.

नाट्यवेडा

रसिकाताई, उदाहरण चपखल आहे आणि मी ते मान्य करतो. तरीही ते असामान्य नट होते. सरासरी नटासाठी माझा मुद्दा उरतोच.

पडद्यामागची

रोखठोक यांना उत्तर द्यायचे राहिले होते.

एखादे नाव आधीपासून डोक्यात असते हे बऱ्याचदा खरे आहे. पण ते नाव ठरलेले असते असे नाही. त्या नटाच्या तारखा जुळत नाहीत, मानधनावर बोलणी अडतात किंवा दिग्दर्शकाला ते पसंत असते आणि निर्मात्याला नसते. अशा वेळी बाकीच्या नटांच्या ऑडिशन खऱ्याच असतात, कारण पर्याय खरोखर लागणार असतो.

स्क्रीन टेस्ट अशा वादात पुरावा म्हणून कामी येते. 'द गॉडफादर'च्या वेळी मार्लन ब्रँडो यांना घ्यायला पॅरामाउंटच्या वरिष्ठांचा विरोध होता. तेव्हा कपोला कॅमेरा घेऊन ब्रँडोंच्या घरी गेले. ब्रँडो त्या वेळी पन्नाशीच्याही आत होते आणि पात्र त्यांच्याहून बरेच वयस्क होते. त्यांनी केस काळे करून मागे चापले, गालांत बोळे कोंबले आणि कॅमेऱ्यासमोर हळूहळू तो म्हातारा उभा केला. ते चित्रीकरण पाहिल्यावर विरोध मावळला. कपोलांना स्वतःला शंका होती की नव्हती हा भाग वेगळा, ज्यांना शंका होती त्यांच्यासमोर ठेवायला त्यांना काहीतरी हवे होते. म्हणून कोणत्याही टेस्टविषयी पहिला प्रश्न असा विचारावा की ती कोणाची कोणती शंका फेडण्यासाठी घेतली गेली.

रोखठोक

म्हणजे वशिला नसतो असे तुमचे म्हणणे आहे का?

पडद्यामागची

नाही, तसे मी म्हणणार नाही. वशिल्याने माणूस बहुधा खोलीपर्यंत पोहोचतो, आणि कधीकधी भूमिकेपर्यंतही. मी ते पाहिले आहे आणि त्याचा मला मनापासून राग येतो. पण अनिकेत यांची रीतसर स्क्रीन टेस्ट झाली आहे. प्रकाशयोजना, रंगभूषा आणि सगळ्यांचा वेळ यांवर खर्च होतो. केवळ देखाव्यासाठी ऑडिशन पुरते, टेस्ट सहसा कोणी घेत नाही.

शुभदा_मा

विषय वाचून विचारावेसे वाटले. माझ्या आठ वर्षांच्या मुलीचे छायाचित्र पाहून एका संस्थेने तिला निवडले आहे आणि आता स्क्रीन टेस्टसाठी शुल्क भरायला सांगितले आहे. स्क्रीन टेस्टसाठी तिची काय तयारी करून घ्यावी? कविता पाठ करून घेऊ की नृत्य बसवू?

पडद्यामागची

शुभदाताई, कृपया पैसे भरू नका. कास्टिंग डायरेक्टरला मानधन निर्मिती संस्था देते, नट किंवा त्याचे पालक कधीच देत नाहीत. ऑडिशन, नोंदणी, स्क्रीन टेस्ट किंवा ठरावीक छायाचित्रकाराकडूनच छायाचित्रे काढून घेण्याची अट, यांपैकी कशासाठीही पैसे मागितले तर तो व्यवहार भूमिकेचा नाही असे खुशाल समजा. चित्रपटाचे नाव, दिग्दर्शक, निर्मिती संस्था आणि भूमिका कोणती, हे लेखी विचारा. खरा शोध असेल तर निदान संस्था आणि भूमिका सांगायला अडचण नसते, कथा गुप्त ठेवायची असली तरीही. आणि मुलीसोबत तुम्ही कायम असालच असे आधीच स्पष्ट करा.

तयारीविषयी म्हणाल तर खऱ्या ऑडिशनसाठीसुद्धा लहान मुलांची कविता घोटून घेऊ नये. आई-वडिलांनी हातवाऱ्यांसकट बसवून दिलेले पाठांतर आम्हाला सर्वांत आधी विसरायला लावावे लागते. मुलांना आम्ही बहुधा संहिता देतच नाही, एखादी परिस्थिती देतो. 'ई. टी.'मधल्या हेन्री थॉमसची निवड अशीच झाली. त्याच्यासमोर एक अधिकारी त्याच्या परग्रहावरच्या मित्राला घेऊन जायला आला आहे एवढेच सांगितले होते आणि संवाद त्याने स्वतः केले. त्या चित्रीकरणात तो समोरच्याला विनवतो, अडवतो, रडतो, आणि शेवटी स्पीलबर्ग त्याला काम मिळाल्याचे तिथल्या तिथे सांगतात.

शुभदा_मा

मनापासून आभार. शुल्काचे आजच नाकारून टाकते. त्यांच्याकडे चित्रपटाचे नाव विचारले होते, तेव्हा 'ते नंतर ठरेल' असे उत्तर आले होते, त्याचा अर्थ आता लागला.

भिंगातून

मी छायाचित्रण विभागात सहायक आहे आणि अनेक टेस्टच्या वेळी कॅमेऱ्यामागे उभा राहिलो आहे, म्हणून आमची बाजू लिहितो.

कॅमेऱ्याला काही चेहरे आवडतात, हे वाक्य मी खूप ऐकले आहे. त्यात मला तरी काही गूढ दिसलेले नाही. डोळे खोल असतील तर वरून येणाऱ्या प्रकाशात त्यांत सावली पडते आणि डोळ्यांतला चमकणारा ठिपका नाहीसा होतो. तो ठिपका नसला की माणूस काही विचार करतो आहे असे प्रेक्षकाला जाणवत नाही. प्रकाश थोडा खाली आणला की तोच चेहरा जिवंत होतो. टेस्टमध्ये आम्ही हे शोधतो, आणि बहुतेक अडचणींना उपाय सापडतो. नुसत्या चेहऱ्यामुळे नट नाकारला गेल्याचे मी फार थोड्या वेळा पाहिले आहे.

घरच्या टेपमध्ये मात्र चेहऱ्याचे खरोखर नुकसान होते. फोन हातभर अंतरावर धरला की नाक मोठे आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात. दोष अंतराचा असतो. फोन दीड-दोन मीटर लांब, डोळ्यांच्या उंचीवर, स्थिर ठेवावा आणि चौकट छातीपासून डोक्यापर्यंत घ्यावी. समोरचे संवाद वाचणारा माणूस कॅमेऱ्याला चिकटून उभा राहावा. तो बाजूला लांब बसला की नट त्याच्याकडे पाहतो आणि आम्हाला फक्त एक गाल आणि अर्धा डोळा दिसतो. शिवाय वाचणारा फोनच्या जवळ असल्यामुळे त्याचाच आवाज मोठा येतो, म्हणून त्याने हळू वाचावे.

अनिकेत_र

सर्वांचे आभार. पडद्यामागची, आपण म्हणालात की टेस्ट कोणाची तरी शंका फेडण्यासाठी असते. माझ्या बाबतीत ती शंका कोणती असेल याचा अंदाज बांधता येईल का? प्रवेश मोठ्या बहिणीबरोबरचा होता आणि माझ्यासमोर एकामागून एक दोन वेगवेगळ्या अभिनेत्री होत्या.

पडद्यामागची

तुमच्या चित्रपटाविषयी मला काही माहीत नाही. पण नात्याचा प्रवेश आणि दोन अभिनेत्री म्हटल्यावर मला मी काम केलेल्या एका चित्रपटाची निवड आठवली, ती सांगते. नावे अर्थातच देत नाही.

भूमिका मोठ्या बहिणीची होती, वय पस्तिशीचे. तिने धाकट्या भावाला न सांगता घर विकले आहे. भाऊ किल्ली मागतो आणि ती म्हणते की किल्ली हरवली आहे. ऑडिशनचा प्रवेश हाच होता. शेवटी दोन अभिनेत्री उरल्या. भावाची भूमिका एका तरुण नटाला द्यायचे जवळपास नक्की झाले होते, म्हणून दोघींची टेस्ट त्याच्याचबरोबर घेतली.

पहिल्या अभिनेत्रीचे ऑडिशन आमच्या सर्वांच्या लक्षात राहिले होते. 'हरवली' या शब्दावर तिचा आवाज असा काही अडखळला होता की खोली शांत झाली होती. टेस्टच्या दिवशी तिने अगदी तेच केले, त्याच शब्दावर, तसेच. मग दिग्दर्शकाने भावाच्या नटाला बाजूला घेऊन सांगितले की या वेळी किल्ली चेष्टेत माग, तुला कसलाच संशय नाही. त्याने हसत हसत मागितली. तरीही तिचा आवाज त्याच जागी, तसाच अडखळला. जो भाऊ हसतो आहे त्याच्यासमोर बहीण असे अडखळणार नाही, ती उलट सुटकेचा श्वास टाकेल. ती समोरच्याचे ऐकत नव्हती, स्वतःची वेळ येण्याची वाट पाहत होती. ऑडिशनमध्ये हे कळण्याचा मार्गच नव्हता, कारण तिथे संवाद वाचणारा सहायक प्रत्येक वेळी एकसारखाच वाचत होता.

दुसरी अभिनेत्री ऑडिशनमध्ये साधारण वाटली होती. केवळ कास्टिंग डायरेक्टरच्या आग्रहामुळे ती टेस्टपर्यंत आली. टेस्टमध्ये भाऊ बोलत असताना कॅमेरा तिच्यावर होता. त्याने हसत किल्ली मागितली तेव्हा तीही हसली, आणि ते हसू चेहऱ्यावरून उतरायला जो वेळ लागला त्यात ती खोटे बोलणार आहे हे तिने तोंड उघडण्याआधीच आम्हाला दिसले. प्रत्येक टेकमध्ये ते निराळ्या जागी घडले.

निर्णय तिथे संपला असता, पण चित्रीकरण पाहताना लक्षात आले की ती त्या नटाची बहीण दिसतच नाही. तिचा चेहरा लहानखुरा, त्याचे खांदे भरलेले, आणि जवळच्या चौकटीत तो तिच्याहून मोठा वाटत होता. रंगभूषेने तिचे वय वाढवून पाहिले, तर तिच्या चेहऱ्यावरच्या त्या बारीक हालचालीच झाकल्या गेल्या. मग दिग्दर्शकाने तिला ठेवले आणि भाऊ बदलला. त्या नटाचे काम निर्दोष होते. हसत किल्ली मागण्याची सूचना त्याने क्षणात उचलली होती, किंबहुना त्याच्यामुळेच दोघींमधला फरक दिसला. तरीही भूमिका गेली ती त्याचीच.

मला ते आजही टोचते. पण चित्रपटाच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता असेच मी म्हणेन.

रसिका_क

हे वाचून वाईट वाटले आणि डोळेही उघडले. आपण निवडीकडे परीक्षेसारखे पाहतो, जणू सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला भूमिका मिळते. इथे तर एकाची निवड होताच दुसऱ्याच्या निवडीचा आधारच गेला.

भिंगातून

याला पुष्टी देणारी एक गोष्ट. टेस्टमध्ये कोणाचे क्लोज-अप किती घेतले आणि कोणाच्या खांद्यावरून कॅमेरा लावला, यावरून ती टेस्ट खरोखर कोणासाठी होती हे ओळखता येते. अनिकेत, तुम्हाला आठवते का?

अनिकेत_र

आठवते. बहुतेक वेळ कॅमेरा माझ्या पाठीमागे होता आणि दोन्ही अभिनेत्रींवर रोखलेला होता. माझे क्लोज-अप शेवटी आणि घाईत झाले. तेव्हा मला वाटले होते की माझ्याविषयी त्यांची खात्री आधीच पटली आहे.

पडद्यामागची

तसे असण्याची शक्यता खरोखर आहे. ज्याच्यावर भरवसा असतो अशाच नटाला समोर उभे करतात, कारण तो डळमळला तर टेस्टचा उपयोग होत नाही.

दिग्दर्शन_सहायक

मला इथे थोडी वेगळी शक्यता मांडायची आहे. अनिकेत यांना दिलासा मिळावा म्हणून आपण एकच अर्थ पक्का करतो आहोत असे वाटते. मी ज्या टेस्ट पाहिल्या त्यांत प्रमुख भूमिकेच्या चाचणीसाठी समोर कधीकधी असा नट उभा केला जातो, ज्याला ती भूमिका देण्याचा विचारच नसतो. तो चांगला, विश्वासू आणि त्या दिवशी मोकळा असतो, म्हणून त्याला बोलावतात. त्याला मात्र आपली टेस्ट आहे असे वाटते. तेव्हा कॅमेरा पाठीमागे होता यावरून 'निवड जवळपास झाली होती' असा निष्कर्ष निघत नाही, 'विचारच नव्हता' असाही निघू शकतो.

पडद्यामागची

अनिकेत यांना वेशभूषा आणि रंगभूषा दिली होती, दिग्दर्शकासमोर त्यांचा स्वतंत्र प्रवेश झाला होता, त्यामुळे मला पहिली शक्यता जास्त वाटते. पण तुम्ही सांगता ते घडते हे मी नाकारत नाही. नटाला न सांगता त्याला असे वापरून घेणे मला अजिबात मान्य नाही. समोर उभे राहण्यासाठी हवे असेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि त्या दिवसाचे मानधन द्यावे. अनेक नट आनंदाने येतील.

रोखठोक

या मुद्द्यावर मी पूर्ण सहमत आहे. आणि निदान नकार तरी कळवायला काय हरकत असते? नट आठवडेच्या आठवडे तारखा राखून ठेवतो, दुसरी कामे सोडतो, आणि शेवटी बातमी कोणाकडून तरी उडत उडत कळते.

पडद्यामागची

पहिल्या फेरीत शेकडो टेप येतात, तिथे प्रत्येकाला कळवणे आम्हाला जमत नाही. टेस्टपर्यंत आलेल्यांना मात्र कळवलेच पाहिजे, आणि आम्ही कळवतो. तरी उशीर होतो, कारण पहिल्या पसंतीच्या नटाचा करार सही होईपर्यंत दुसऱ्याला मोकळे करता येत नाही. करार फिसकटला तर त्याच्याकडेच यावे लागते. त्या काळात आम्ही त्याला 'तारखा धरून ठेवा' असे म्हणतो. याचा अर्थ 'तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहात' असाही असू शकतो, हे नटांनी लक्षात ठेवावे. धरून ठेवणे हा करार नसतो. दुसरे काम आले तर आम्हाला फोन करून अमुक दिवसापर्यंत उत्तर द्या असे विचारावे. त्यामुळे कोणी रागावत नाही, उलट अडलेला निर्णय बऱ्याचदा त्याच फोनमुळे पुढे सरकतो.

कारण सांगण्याबद्दल मात्र माझा हात आखडतो. 'तुम्ही तिच्याहून मोठे दिसता' असे सांगितले तर नट पुढच्या ऑडिशनमध्ये लहान दिसण्याचा प्रयत्न करू लागतो, आणि ते कारण त्या एका जोडीपुरतेच असते.

दिग्दर्शन_सहायक

इथे आपले पटणार नाही. नट प्रौढ असतो, त्याला कारण पेलते. कारण त्या जोडीपुरते आहे हेही त्याच वाक्यात सांगता येते. कारण न सांगितल्यामुळे माणूस स्वतःच्या अभिनयात नसलेले दोष शोधत बसतो. अनिकेत यांनी हा धागा काढला तो त्यामुळेच.

नाट्यवेडा

एक प्रश्न राहिला. टेस्टमध्ये समोरच्याचे ऐकणे एवढे महत्त्वाचे असेल, तर घरून टेप पाठवताना ते कसे दाखवावे? तिथे तर समोर घरातलेच कोणीतरी कागद पाहून एका सुरात वाचत असते.

पडद्यामागची

छान प्रश्न आहे. टेप पाहताना मी कधीकधी आवाज बंद करते आणि नट बोलत नसतानाचा चेहरा पाहते. त्याचे डोळे पुढच्या ओळीकडे धावत असतील तर ते लगेच कळते. म्हणून पाठांतर इतके पक्के हवे की ते आठवावे लागू नये, आणि वाचणाऱ्याला सांगावे की प्रत्येक टेकमध्ये एखादी ओळ तुला हवी तशी बदलून वाच, एकदा लवकर, एकदा थांबून, एकदा वर न बघता. मग जो टेक तुम्हाला सर्वांत नीटनेटका वाटतो तो पाठवण्याआधी, ज्यात वाचणाऱ्याने तुम्हाला गोंधळात टाकले तो टेकही एकदा पाहा.

अनिकेत_र

त्या टेस्टसाठी मी पाठवलेली मूळ टेप अजून माझ्याकडे आहे. आवाज बंद करून पाहिली. माझ्या ओळी संपल्यावर मी दोन ठिकाणी खाली पाहतो आहे, तिथे प्रवेशात खाली पाहण्याचे काही कारण नाही. पुढची टेप येत्या आठवड्यात द्यायची आहे आणि प्रवेश दोन भावांचा आहे. संवाद वाचायला नाटकातल्या मित्राला बोलावले आहे. त्याला संहिता आधी द्यावी की आयत्या वेळी?

पडद्यामागची

आधी द्या, नाहीतर तो अडखळेल आणि तुमचे लक्ष त्याच्याकडे जाईल. फक्त तुम्ही प्रवेश कसा करणार आहात हे त्याला सांगू नका.